त्रेसष्टला तीस मिनिटे, बहात्तरला पंधरा सेकंद

दुग्ध तंत्रज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत पाश्चरीकरणावरचा प्रश्न बहुतेक वेळा आकड्यांच्या एका जोडीवर येऊन थांबतो. दूध किती अंशांपर्यंत तापवायचे आणि त्या तापमानाला किती वेळ धरून ठेवायचे, एवढेच त्यात विचारलेले असते. उत्तरे दोन आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ही संथ पद्धत. प्रश्नपत्रिकेत तिला एलटीएलटी, बॅच किंवा होल्डर पद्धत म्हणतात. ७२ अंशांना १५ सेकंद ही जलद पद्धत, म्हणजे एचटीएसटी. दोन्ही पद्धतींत दूध लगेच ४ अंशांपर्यंत किंवा त्याखाली थंड करायचे असते. पर्याय देताना परीक्षक याच आकड्यांची अदलाबदल करतो: ७२ अंशांना १५ मिनिटे, ६३ अंशांना ३० सेकंद, ७२ अंशांना ३० मिनिटे. आकडे नुसते पाठ केलेला विद्यार्थी इथे चाचपडतो. दोन जोड्यांना बांधणारा धागा ज्याला ठाऊक आहे, त्याला मात्र पर्याय वाचतानाच चूक दिसते. तो धागा गणिताचा आहे आणि अवघडही नाही.

आधी आकडे कुठून आले ते पाहू. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दारू आंबून बिघडू नये म्हणून ती बेताने तापवण्याची रीत शोधली. दुधाकडे ही रीत वळली ती पुढे, आणि तिथे हेतू वेगळा होता. गायीच्या क्षयाचा जंतू दुधावाटे माणसांत, विशेषतः लहान मुलांत जात असे. त्या काळी दुधात सापडणाऱ्या रोगजंतूंपैकी उष्णतेला सर्वांत चिवट म्हणून क्षयाचा जंतूच धरला गेला. तो मेला की विषमज्वर, घटसर्प, ब्रुसेलोसिस यांचे जंतू त्याआधीच मेलेले असणार, असा हिशेब होता. अमेरिकेत त्यावरून १४३ अंश फॅरनहाइटला ३० मिनिटे, म्हणजे सुमारे ६१.७ अंश सेल्सिअस, हे प्रमाण रूढ झाले.

नंतर क्यू ताप या रोगाचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, क्षयाच्या जंतूपेक्षा थोडा अधिक चिवट निघाला. ६१.७ अंशांना अर्धा तास ठेवूनही तो दुधात जिवंत राहू शकतो, हे प्रयोगांत दिसले. म्हणून १९५६ मध्ये अमेरिकेत संथ पद्धतीचे तापमान २ अंश फॅरनहाइटने वाढवून १४५ करण्यात आले. जलद पद्धतीचे १६१ अंश फॅरनहाइट मात्र पुरेसे ठरले आणि तसेच राहिले. ‘पाश्चरीकरणाचा निर्देशक जंतू कोणता?’ या प्रश्नाला जुन्या पुस्तकांत क्षयाचा जंतू आणि नव्या पुस्तकांत कॉक्सिएला बर्नेटी असे उत्तर मिळते, त्याचे कारण हेच. आज विचारले तर कॉक्सिएला हेच उत्तर द्यावे. कोडेक्सची दुधाच्या स्वच्छतेविषयीची आंतरराष्ट्रीय संहिताही त्याच जंतूवर बेतलेली आहे. पाश्चरीकरणाने या जंतूची संख्या निदान पाच लॉगने, म्हणजे एक लाखात एक उरेल इतकी, कमी व्हावी अशी तिची अपेक्षा आहे.

या फॅरनहाइटच्या मुळामुळे आणखी एक गोंधळ होतो. एका पुस्तकात ७१.५, दुसऱ्यात ७१.७, तिसऱ्यात ७२. तसेच कुठे ६२.८, कुठे ६३. १६१ अंश फॅरनहाइट म्हणजे ७१.६७ अंश सेल्सिअस आणि १४५ म्हणजे ६२.७८. कोणी एका दशांशापर्यंत लिहिले, कोणी पूर्णांक केला. हे वेगवेगळे नियम नाहीत. एकाच आकड्याची ही रूपे आहेत. प्रश्नात ७१.७ दिसला म्हणून तो पर्याय चुकीचा ठरवू नये; ७२ आणि ७१.७ हे दोन्ही आकडे एकाच प्रश्नात समोरासमोर ठेवणारा परीक्षक विरळाच.

आता दोन जोड्यांमधला धागा. ६३ आणि ७२ यांत फरक ९ अंशांचा. ३० मिनिटे आणि १५ सेकंद यांत फरक १२० पटींचा, कारण ३० मिनिटांचे सेकंद होतात १८००. तापमान जेमतेम ९ अंशांनी वाढले आणि लागणारा वेळ १२० पटींनी घटला. जंतूंच्या मरणाची चाल अशीच असते. तापमान सरळ पायऱ्यांनी चढते आणि वेळ पटीपटीने उतरतो.

हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. ३० मिनिटांपासून सुरुवात करून दर वेळी निम्मे करत गेले की १५ मिनिटे, साडेसात मिनिटे, पावणेचार मिनिटे, ११२ सेकंद, ५६ सेकंद, २८ सेकंद आणि १४ सेकंद असे सात टप्पे होतात. म्हणजे सात वेळा निम्मे केले की साधारण १५ सेकंदांवर उतरता येते. नऊ अंशांचे सात भाग केले तर एक भाग सुमारे १.३ अंशांचा येतो. याचा अर्थ असा की तापमान दर १.३ अंशाने वाढले की पुरेसा वेळ निम्मा होतो, आणि तेवढेच घसरले की दुप्पट होतो. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी बरेच प्रश्न तोंडी सुटतात.

दुग्ध तंत्रज्ञानाची पुस्तके हीच गोष्ट निम्म्याच्या ऐवजी दहा पटींच्या भाषेत सांगतात. वेळ दहापट कमी व्हायला तापमान जेवढे वाढवावे लागते त्याला झेड मूल्य म्हणतात. १२० चा लॉग २.०८ येतो, ९ ला २.०८ ने भागले की झेड मूल्य ४.३३ अंश मिळते. सूत्ररूपात, ७२ अंशांच्या जोडीवरून दुसऱ्या कोणत्याही तापमानाला लागणारा वेळ असा काढता येतो:

t = 15 × 10^((72 − T) / 4.33)

इथे t म्हणजे सेकंदांतला वेळ आणि T म्हणजे अंश सेल्सिअसमधले तापमान. एक खुलासा इथेच केलेला बरा. हे ४.३३ कोणा एका जंतूचे मोजलेले मूल्य नव्हे. नियमाने ठरवलेल्या दोन बिंदूंमधून जाणाऱ्या रेषेचा तो उतार आहे. वेगवेगळ्या जंतूंची झेड मूल्ये वेगवेगळी असतात आणि प्रश्नात एखाद्या जंतूचे मूल्य दिलेले असेल तर तेच वापरायचे असते.

परीक्षेत येऊ शकेल असा एक प्रश्न या रेषेवर सोडवून पाहू. समजा विचारले आहे, खालीलपैकी कोणती जोडी पाश्चरीकरणाला पुरेशी नाही: ६३ अंशांना ३० मिनिटे, ६६ अंशांना १० मिनिटे, ६९ अंशांना ३० सेकंद, ७२ अंशांना १५ सेकंद? पहिली आणि शेवटची तर पाठच आहे. ६६ अंशांसाठी फरक ६ अंशांचा. ६ भागिले ४.३३ म्हणजे १.३९, आणि दहाचा १.३९ वा घात सुमारे २४. पंधराला २४ ने गुणले की ३६० च्या आसपास सेकंद, म्हणजे सहा मिनिटे. दिलेली १० मिनिटे पुरून उरतात. ६९ अंशांसाठी फरक ३, घातांक ०.६९, पट जवळजवळ ५, म्हणून लागणारा वेळ सुमारे ७४ सेकंद. दिलेले आहेत ३०. हीच जोडी अपुरी. लॉग न काढताही हे जमले असते. ७२ पासून ६९ पर्यंत खाली यायला १.३ अंशांच्या दोनापेक्षा जास्त पायऱ्या लागतात, म्हणजे वेळ चौपटीहून अधिक, एक मिनिटाच्या पुढे हवा. ३० सेकंद तिथे टिकत नाहीत.

या रेषेचा उपयोग पर्याय ओळखण्यापुरता नाही. तापमानातली चूक महाग पडते की वेळेतली, हेही ती सांगते. दूध ७२ ऐवजी ७० अंशांनाच पोचले तर १५ सेकंदांच्या जागी सुमारे ४४ सेकंद लागतील. दोन अंशांची घसरण आणि जवळजवळ तिप्पट वेळ. उलट पंप थोडा जोरात चालून दूध १५ ऐवजी १२.५ सेकंदांतच बाहेर पडले तर ती तूट भरायला तापमान फक्त ०.३४ अंशाने वाढवावे लागते. म्हणजे वेळेत सतरा टक्क्यांची तूट आणि तापमानात एक तृतीयांश अंशाची तूट सारख्याच वजनाची आहे. म्हणूनच डेअरीत तापमापक अर्धा अंश चुकीचा दाखवत असेल तर तो प्रकार गंभीर मानतात. नियमाच्या दृष्टीने अर्थातच दोन्ही चुकाच. ‘वेळ कमी पण तापमान जास्त’ असे परस्पर ठरवण्याची मुभा यंत्र चालवणाऱ्याला नसते.

रेषा दोन्ही टोकांना हवी तेवढी लांबवता येते असेही समजू नये. रेषेवरून १ सेकंदासाठी ७७ अंश पुरेसे दिसतात. अमेरिकेच्या दूधविषयक नियमावलीत मात्र १ सेकंदासाठी ८९ अंश सांगितले आहेत, अर्ध्या सेकंदासाठी ९० आणि एक शतांश सेकंदासाठी १०० अंश. नियम करणाऱ्यांनी तिथे सूत्रावर विसंबून न राहता मोठी मोकळीक ठेवली आहे. सूत्र वापरायचे ते ६३ ते ७२ च्या टापूत आणि त्याच्या थोडे आजूबाजूला.

मग थेट ८५ अंशांना पाच मिनिटे तापवून सगळ्याच शंका का मिटवत नाहीत? ही दुसरी बाजू प्रश्नपत्रिकांत कमी विचारली जाते, पण १५ सेकंदांचे खरे मर्म तिथेच आहे. पाश्चरीकरणाचे आकडे ठरले तेव्हा दूध काचेच्या बाटलीतून विकले जाई आणि बाटलीच्या गळ्याशी साठलेल्या मलईच्या थरावरून गिऱ्हाईक दुधाची पारख करी. दूध जास्त तापले की स्निग्धाचे कण एकत्र आणणारी प्रथिने निकामी होतात आणि तो थर नीट धरत नाही. त्यामुळे तापमान-वेळेच्या आलेखावर खाली जंतूंच्या मरणाची रेषा आणि वर मलईचा थर बिघडण्याची रेषा, यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात पाश्चरीकरणाची जागा ठरली. आता बहुतेक दूध होमोजिनाइझ केलेले असते आणि मलईच्या थराचा प्रश्नच उरत नाही, पण चव, रंग आणि जीवनसत्त्वांचा प्रश्न उरतो.

त्यासाठी पुन्हा झेड मूल्याकडेच यावे लागते. जंतूंचे झेड मूल्य लहान असते. जीवनसत्त्व ब१ नष्ट होणे किंवा दूध तपकिरी होणे यांसारख्या रासायनिक बदलांचे झेड मूल्य पुष्कळ मोठे, साधारण २५ ते ३० अंश असते. ३० धरले तर ९ अंशांच्या वाढीने त्या बदलांचा वेग फक्त दुप्पट होतो. वेळ मात्र १२० पट कमी झालेला असतो. म्हणजे ७२ अंशांच्या १५ सेकंदांत असे बदल ६३ अंशांच्या अर्ध्या तासाच्या मानाने साठावा हिस्साच होतात आणि जंतू तेवढेच मरतात. जास्त तापमान आणि कमी वेळ ही दुधाला सौम्य वागणूक आहे, हे ऐकायला उलटे वाटते, पण हिशेब सरळ आहे. १३५ अंशांच्या वर काही सेकंद दूध तापवणारी यूएचटी पद्धत याच तत्त्वाचे पुढचे टोक. तिचा हेतू मात्र वेगळा, बीजाणूंसह जंतू मारून दूध बंद खोक्यात फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकवण्याचा. म्हणून तिला पाश्चरीकरणाच्या रांगेत बसवणारा पर्याय चुकीचा.

नियमांच्या भाषेत दोन शब्द असे आहेत की वाचताना ते नजरेतून निसटतात: ‘प्रत्येक कण’. दुधाचा प्रत्येक कण त्या तापमानाला तेवढा वेळ राहिला पाहिजे, सरासरी दूध नव्हे. संथ पद्धतीत दूध दुहेरी भिंतीच्या टाकीत गरम पाण्याने किंवा वाफेने तापवतात आणि ढवळत ठेवतात. ३० मिनिटे मोजायची ती सगळे दूध ६३ अंशांना पोचल्यावर. तापायला लागलेला वेळ त्यात धरायचा नाही. तरीही एक जागा थंड राहते. दुधावर फेस येतो आणि फेसातली हवा उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे खालचे दूध ६३ वर असताना फेसातले दूध मागे राहते. म्हणून टाकीतली दुधावरची हवा वाफ सोडून दुधाच्या किमान तापमानापेक्षा निदान ३ अंश अधिक गरम ठेवावी, असे अमेरिकी नियम सांगतात. टाकीच्या तोटीत अडकून राहिलेल्या दुधाचीही तीच कथा. तिथले दूध ढवळले जात नाही, म्हणून तोटी टाकीला अगदी लगटून बसवतात.

जलद पद्धतीत दूध वाहते असते. थंड कच्चे दूध बॅलन्स टँकमधून निघते, आधी तापून परतणाऱ्या दुधाची उष्णता घेते, मग गरम पाण्याच्या विभागात ७२ अंशांवर जाते आणि होल्डिंग ट्यूब नावाच्या लांब, वळणावळणाच्या नळीत शिरते. १५ सेकंद म्हणजे त्या नळीतला प्रवास. कोणते घड्याळ इथे वेळ मोजत नाही. नळीची लांबी हेच घड्याळ. त्यामुळे ‘होल्डिंग ट्यूबची लांबी काढा’ हा गणिताच्या प्रश्नांतला ठरलेला प्रकार आहे.

समजा यंत्राची क्षमता ताशी ५,००० लिटर आणि नळीचा आतला व्यास ४ सेंटिमीटर आहे. ५,००० लिटरना ३,६०० ने भागले की सेकंदाला १.३९ लिटर दूध. १५ सेकंदांचे २०.८ लिटर, म्हणजे २०,८३३ घन सेंटिमीटर. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की १,६५८ सेंटिमीटर, म्हणजे १६.६ मीटर. इथेच थांबले तर उत्तर सरासरी कणापुरते बरोबर आले. नळीत सगळे दूध एका वेगाने जात नाही. भिंतीलगतचे रेंगाळते आणि मधले पुढे पळते. प्रवाह संथ, थरांथरांचा असेल तर मधला कण सरासरीच्या दुप्पट वेगाने सुटतो आणि त्याच्या वाट्याला साडेसातच सेकंद येतात. प्रवाह खळाळता असेल तर हा फरक बराच कमी होतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून ०.८ ते ०.९ असा एक गुणक धरतात. ०.८५ धरला तर १६.६ भागिले ०.८५, म्हणजे साडेएकोणीस मीटर. प्रश्नात हा गुणक दिलेला असेल तर भागायचे, गुणायचे नाही; नळी लांब होते, आखूड नाही. गुणक न दिल्यास १६.६ हेच अपेक्षित उत्तर असते.

नळीच्या शेवटी तापमान मोजणारा संवेदक आणि त्याच्याशी जोडलेला फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह असतो. दूध ठरलेल्या तापमानाच्या खाली आले की हा व्हॉल्व्ह वळतो आणि दूध पुढे न जाता पुन्हा बॅलन्स टँककडे धाडले जाते. संवेदक नळीच्या सुरुवातीला नसून शेवटाला का, हाही एक चांगला प्रश्न आहे. सुरुवातीला ७२ असलेले दूध नळीतून जाताना थोडे थंड होते. शेवटी ७२ भरले तर मधला सगळा प्रवास त्याच्या वरचा होता याची खात्री मिळते.

एवढे होऊनही पिशवीतल्या दुधावर ही क्रिया झाली की नाही, हे नंतर कसे ओळखावे? त्याचे उत्तर दुधातच आहे. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे विकर नेहमी असते. ते निकामी व्हायला क्षयाच्या जंतूला मारण्यापेक्षा थोडी अधिक उष्णता लागते. हे विकर उरले नसेल तर तो जंतूही उरलेला नसणार. १९३० च्या दशकात के आणि ग्रॅहम यांनी या योगायोगावरून फॉस्फेटेज चाचणी बसवली आणि १९४९ मध्ये अ‍ॅशाफेनबर्ग आणि म्युलेन यांनी तिची सोपी आवृत्ती दिली. बफरात विरघळवलेल्या पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेटच्या ५ मिलिलिटर द्रावणात १ मिलिलिटर दूध घालून ३७ अंशांना दोन तास ठेवतात. विकर जिवंत असेल तर पॅरा-नायट्रोफिनॉल सुटून द्रावण पिवळे होते. तो पिवळेपणा उकळलेल्या दुधाच्या नमुन्याशेजारी ठेवून तबकडीच्या रंगांशी ताडून पाहतात. पाश्चरीकृत दुधात हजारात दोन-तीन भाग इतके कच्चे दूध मिसळले असले तरी ही चाचणी ते पकडते.

चाचणी नकारात्मक म्हणजे पाश्चरीकरण योग्य, हे विद्यार्थ्यांकडून वारंवार उलटे लिहिले जाते. त्यातच पेरॉक्सिडेजची भर पडते. स्टॉर्च यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत हे दुसरे विकर तपासतात. ते ७२ अंशांच्या १५ सेकंदांत टिकते आणि ८० अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे फॉस्फेटेज नकारात्मक आणि पेरॉक्सिडेज सकारात्मक आले तर दूध बेताने तापले आहे. दोन्ही नकारात्मक आली तर दूध गरजेपेक्षा जास्त तापले. दोन्ही सकारात्मक म्हणजे पाश्चरीकरण अपुरे आहे किंवा कच्चे दूध मिसळले आहे.

या शेवटच्या निकालाचा माग कसा काढतात ते पाहण्याजोगे आहे. समजा नोंदपट्टीवर अख्ख्या पाळीभर ७२.५ ची रेघ सरळ आहे, व्हॉल्व्ह एकदाही वळलेला नाही, आणि तरी द्रावण पिवळे झाले. पहिली शंका संवेदकावर. त्याचे आकडे प्रमाणित तापमापकाशी ताडले जातात. ते जुळले तर शंका वेळेवर. पंप बदलला किंवा त्याचा वेग वाढवला गेला असेल तर १५ सेकंद भरत नसतील. ते मोजायला नळीच्या तोंडाशी मिठाचे पाणी सोडतात आणि दुसऱ्या टोकाला विद्युतवाहकता चढायला किती वेळ लागतो ते पाहतात. याला मिठाची चाचणी म्हणतात. वेळही पुरेसा निघाला तर उरतो गळतीचा संशय. कच्चे आणि तापलेले दूध एकमेकांना उष्णता देतात ते पातळ स्टीलच्या पत्र्यांच्या दोन बाजूंनी वाहत असताना. पत्र्याला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले किंवा गॅस्केट झिजले तर एका बाजूचे दूध दुसरीकडे झिरपते. म्हणून तापलेल्या दुधाच्या बाजूचा दाब कच्च्या बाजूपेक्षा नेहमी जास्त ठेवतात. छिद्र पडलेच तर तापलेले दूध कच्च्यात जाईल, कच्चे तापलेल्यात येणार नाही. पिवळे द्रावण दिसले आणि तापमान, वेळ दोन्ही ठीक निघाले, तर हा दाब उलटला होता का आणि व्हॉल्व्ह नीट बसतो का, इथे शोध संपतो.

दुधाखेरीज इतर पदार्थांच्या जोड्या पाठ करताना कारण ध्यानात ठेवले तर त्या मिसळत नाहीत. स्निग्ध, साखर आणि घन पदार्थ वाढले की जंतूंना उष्णतेपासून आडोसा मिळतो आणि घट्ट पदार्थात उष्णता हळू पसरते. अमेरिकी नियमावलीत म्हणूनच दहा टक्के किंवा अधिक स्निग्ध असलेल्या किंवा साखर घातलेल्या दूधपदार्थांसाठी तापमान ३ अंशांनी वाढवले आहे. ६३ चे ६६ आणि ७२ चे ७५ होतात. आइस्क्रीमच्या मिश्रणात हे सगळेच भरपूर असते. त्याची जोडी भारतीय पाठ्यपुस्तकांत ६८.५ अंशांना ३० मिनिटे किंवा ८० अंशांना २५ सेकंद अशी येते. प्रश्नात ‘आइस्क्रीम मिश्रण’ हे शब्द असताना ७२ अंशांचा पर्याय निवडणे ही गुण घालवणारी नेहमीची चूक आहे.

राहिले थंड करणे. बहात्तर अंशांतून सगळे जंतू मरत नाहीत. बॅसिलस सेरियससारख्या जंतूंचे बीजाणू आणि उष्णता सोसणारे काही मायक्रोकोकाय जिवंत राहतात. पाश्चरीकरणाने रोगजंतू जातात आणि दूध नासवणाऱ्यांची संख्या घटते. दूध निर्जंतुक होत नाही. उरलेले जंतू कोमट दुधात झपाट्याने वाढतात, म्हणून तापवण्याइतकेच लगेच ४ अंशांखाली आणणे त्याच व्याख्येचा भाग आहे. व्याख्या लिहायला सांगितली आणि उत्तरात तापमान, वेळ व ‘प्रत्येक कण’ हे तिन्ही येऊन थंड करणे राहिले, तर ते उत्तर अपुरे मानले जाते.